टाळी जुळली, तरी शेवटी ओठ आणि आवाज वेगळे पडतात? या चुका टाळा

चित्रीकरण कॅमेऱ्यावर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला टाळी वाजवली होती, एडिटिंगला बसल्यावर टाळीवर टाळी बसवली आणि पहिली काही मिनिटं सगळं चोख दिसलं. चाळिसाव्या मिनिटाला मात्र ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो. अशा वेळी बरेच जण अख्खी ऑडिओ क्लिप थोडी डावीकडे सरकवतात. शेवट सुधारतो, पण सुरुवात बिघडते.

सरकवण्याआधी फरक कुठे किती आहे ते बघा: सुरुवातीला, मधोमध आणि शेवटी. तिन्हीकडे सारखाच असेल, तर टाळीच चुकीच्या फ्रेमवर धरली गेली आहे. तळवे पहिल्यांदा चिकटलेले दिसतात ती फ्रेम घ्या आणि वेव्हफॉर्ममध्ये रेष जिथे एकदम उभी चढते ती सुरुवात तिच्याखाली आणा. टाळीनंतरचा घुमारा धरू नका. सुरुवातीला शून्य, मध्ये थोडा आणि शेवटी त्याच्या दुप्पट असा फरक असेल, तर तो ड्रिफ्ट. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांचं घड्याळ स्वतंत्र असतं आणि ती दोन्ही तंतोतंत एकाच वेगाने चालत नाहीत. छोट्या क्लिपमध्ये हे कळतही नाही, लांब सलग रेकॉर्डिंगमध्ये साठत जातं.

म्हणूनच फक्त सुरुवातीला टाळी वाजवणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. दोन्ही यंत्रं बंद करण्याआधी शेवटी आणखी एक टाळी वाजवा. दोन टाळ्यांमधलं अंतर मोजता आलं की दुरुस्ती अंदाजाने करावी लागत नाही.

उदाहरणच घेऊ. व्हिडिओ 25 फ्रेमचा आहे, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. व्हिडिओत दोन टाळ्यांमध्ये बरोबर 2400 सेकंद आहेत. रेकॉर्डरच्या फाइलमध्ये तेच अंतर 2400.2 सेकंद भरतं. शेवटी आवाज 5 फ्रेम मागे पडतो तो यामुळे. ऑडिओचा वेग 100.0083 टक्के करायला हवा. पण एडिटरमधला स्पीडचा रकाना दोनच दशांश स्थळं घेत असेल, तर तिथे 100.01 लिहावं लागतं. मग 200 ऐवजी 240 मिलिसेकंद कापले जातात आणि आवाज उलट एक फ्रेम आधी येतो. त्यापेक्षा फाइलच बाहेर दुरुस्त करावी. रेकॉर्डिंग 48000 हर्ट्झचं असेल, तर 2400.2 भागिले 2400 गुणिले 48000 म्हणजे 48004:

```
ffmpeg -i mic.wav -af "asetrate=48004,aresample=48000" -c:a pcm_s24le mic_sync.wav
```

स्वरातला बदल इतका सूक्ष्म असतो की कानाला कळत नाही. कमांड नको असेल, तर दुसरा मार्ग कात्रीचा. इथे दर 8 मिनिटांना एक फ्रेम घसरते, तेव्हा साधारण तेवढ्या अंतरावर बोलणारा थांबतो तिथे ऑडिओ कापा आणि पुढचा सगळा भाग एक फ्रेम डावीकडे घ्या. शब्दाच्या मध्ये कापू नका. मुलाखतीला हा मार्ग उत्तम चालतो, सलग गाण्याला नाही.

फरक हळूहळू न वाढता कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर वेग बदलून काही साधणार नाही. व्हिडिओ मोबाइलवरचा असेल, तर पहिला संशय फ्रेमरेटवर घ्या. बरेच फोन प्रकाश किंवा ताणानुसार फ्रेमरेट कमीजास्त करतात आणि काही एडिटर तो स्थिर धरून चालतात. HandBrake मध्ये `Constant Framerate` निवडून व्हिडिओ आधी बदलून घ्या, मग सिंकला हात घाला.

वेव्हफॉर्मवरून आपोआप जुळवणारी सोय वापरताना एक गोष्ट विसरली जाते: ती रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवत नाही, कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवते. त्यामुळे कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवला असेल, तर जुळवायला तिच्याकडे काहीच नसतं. शिवाय आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कॅमेरा वक्त्यापासून 14 मीटर दूर असेल, तर त्याच्या माइकपर्यंत आवाज एक फ्रेम उशिरा पोहोचतो. कॉलर माइकचा वेळेवर आलेला आवाजही मग त्या उशिरा आलेल्या आवाजावर बसवला जातो. सॉफ्टवेअर 'जुळलं' म्हणतं, तरी ओठ पुढे आणि शब्द मागे. अशा वेळी रेकॉर्डरचा ट्रॅक एक फ्रेम डावीकडे घ्या, चित्रातल्या टाळीशी ताडून बघा आणि कॅमेऱ्याचा ट्रॅक म्यूट करा. दोन्ही ट्रॅक चालू राहिले, तर आवाज पोकळ किंवा दुहेरी ऐकू येतो.