कुलपाचा दिवा लुकलुकतोय? आधी या चुका टाळा

"चाइल्ड लॉकचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी चालू होत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याला तिथेच थांबवून विचारतो, चावी ऑन आहे की ऑफ? गाड्यांचं वायरिंग हेच माझं रोजचं काम, आणि कुलपाच्या चित्रावरून होणारा गोंधळ जवळजवळ दर आठवड्याला माझ्यासमोर येतो.

बहुतेक गाड्यांमध्ये चाइल्ड लॉकला डॅशबोर्डवर दिवाच नसतो. मागचं दार उघडा आणि त्याच्या कडेला, लॅचच्या आसपास बघा. तिथे एक छोटा खटका असतो, किंवा चावीच्या टोकाने फिरवायची खाच. तेच चाइल्ड लॉक. त्याला वायर नाही, मोटर नाही. खटका लावला की त्या दाराचं आतलं हँडल नुसतं हलतं, दार उघडत नाही. बाहेरचं हँडल चालूच राहतं. काही गाड्यांत चाइल्ड लॉक विजेवर चालतं. तिथे ड्रायव्हरच्या दारावर त्याचं वेगळं बटण असतं आणि त्या बटणातच दिवा असतो. तुमच्या गाडीत असं बटण नसेल, तर डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या कुलपाचा आणि चाइल्ड लॉकचा काहीही संबंध नाही.

मग ते कुलूप कशाचं? गाडीच्या चित्रावर कुलूप किंवा चावी दिसत असेल, तर ते बहुधा इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं असतं. गाडी बंद आहे, चावी काढलेली आहे आणि दिवा सावकाश, एका लयीत लुकलुकतोय, तर सगळं ठीक आहे. यंत्रणा जागी आहे एवढंच तो सांगतो. त्याच्यामुळे बॅटरी उतरते असं समजून फ्यूज काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत. एवढ्याशा दिव्याने बॅटरी उतरत नाही, कृपा करून तो फ्यूज परत लावा.

चावी ऑन केल्यावर मात्र हा दिवा बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेकंद पेटून विझला पाहिजे. तो विझला नाही आणि भराभर लुकलुकत राहिला, तर गाडी म्हणतेय, "ही चावी मी ओळखत नाही." इथून पुढे लोक घाई करतात आणि चुका सुरू होतात.

चावी सोडून बाकी सगळं तपासणं

एक गृहस्थ आले तेव्हा त्यांची गाडी तीन दिवस बंद होती. इंजिन लागायचं आणि सेकंदभरात बंद पडायचं. लाल कुलूप भराभर लुकलुकत होतं. त्या तीन दिवसांत नवी बॅटरी बसली होती, पेट्रोलचा पंप काढून तपासला होता, आणि कोणाच्या तरी सल्ल्याने बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवली होती, सगळं आपोआप रीसेट होईल म्हणून. बॅटरी काढल्याने चावीची ओळख पुसली जात नाही आणि नव्याने तयारही होत नाही. हा सल्ला कुठून निघाला देव जाणे, पण तो थांबतच नाही.

मी त्यांच्याकडे चावी मागितली. कड्यात काळ्या डोक्याच्या दोन चाव्या होत्या. दुसरी त्यांच्या पत्नीच्या गाडीची. मी पहिली चावी कड्यातून सोडवली, एकटीच लावली आणि ऑन केली. दिवा पेटला, विझला. इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. त्यांना पटावं म्हणून गाडी बंद केली, दुसरी चावी पहिलीच्या डोक्याला चिकटवून धरली आणि पुन्हा ऑन केली. लगेच कुलूप लुकलुकायला लागलं.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती वेटोळ्यासारखी कॉइल असते, ती जवळच्या चिपला ऊर्जा देते आणि चिप आपला क्रमांक सांगते. दोन चिप शेजारी असल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला एकीचंही नीट कळत नाही. त्यांच्याकडे तोवर अडचण आली नव्हती, कारण दोन्ही चाव्या एका कड्यात घालून त्यांना चारच दिवस झाले होते. हे त्यांना मी विचारल्यावर आठवलं.

म्हणून माझी सवय अशी: कुलूप लुकलुकताना दिसलं की चावी कड्यातून सोडवायची. जाड धातूचा किचेन, दुसऱ्या गाडीची चावी, रिमोट, सगळं बाजूला. मग चावी ऑफ करून मिनिटभर थांबायचं आणि एकदाच शांतपणे लावून बघायची. दहा वेळा खटाखट फिरवून काही मिळत नाही. काही गाड्या उलट काही वेळ थांबायलाच लावतात.

तरी जमलं नाही तर घरातली दुसरी चावी आणा. दुसरीने गाडी चालू झाली, तर दोष पहिल्या चावीत आहे. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, चावीचं कव्हर बदललं का? नवं चकचकीत कव्हर घालताना लोक आतली रिमोटची पट्टी नव्या कव्हरात हलवतात आणि जुन्या कव्हरला चिकटलेली चिप तशीच कचऱ्यात जाते. रिमोट चालतो, दारं उघडतात, गाडी मात्र चालू होत नाही. जुनं कव्हर महिनाभर तरी फेकू नका.

दोन्ही चाव्यांनी तेच झालं, तर बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, कारण कमी व्होल्टेजवर ही सगळी यंत्रणा बेभरवशाची होते. बॅटरीही ठीक असेल तर कॉइल, तिची वायर किंवा कंट्रोल युनिट, आणि ते काम मशीन लावूनच होतं.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत किल्लीचा सेल संपला तरी आतली चिप जिवंत असते. किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा. काही गाड्यांत तिची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते.

स्टिअरिंगच्या कुलपाला इमोबिलायझर समजणं. स्टिअरिंगच्या चित्राशेजारी कुलूप असेल, तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत चावी फिरवा किंवा बटण दाबा. बस.

काचेच्या बटणाला चाइल्ड लॉक समजणं. ड्रायव्हरच्या दारावरचं ते बटण मागच्या काचांची बटणं निकामी करतं, दार अडवत नाही.

सेंट्रल लॉक लागून लगेच उघडतंय म्हणून दारातली लॉकची मोटर बदलणं. आधी सगळी दारं नीट आपटून लावा. मग दार आणि खांब यांच्यामध्ये जो रबरी बूट असतो तो मागे सारून आतल्या वायर बघा. दार हजारो वेळा उघडमिट होतं आणि वायर तिथेच तुटते. दार अर्धवट हलवताना दिव्याचं वागणं बदललं, तर मोटरला दोष देऊ नका.

सेंट्रल लॉक लावूनच चाइल्ड लॉकची परीक्षा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती करणारे आईबाप काळजी घेणारेच असतात.

एक तरुण जोडपं चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. "चाइल्ड लॉक बिघडलंय," वडील म्हणाले. आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी चावी काढली, आणि मुलाने रस्त्याच्या बाजूचं मागचं दार उघडलं. मागून येणारा दुचाकीवाला दाराच्या कडेला घासून गेला. कोणाला लागलं नाही, पण आईचा आवाज सांगतानाही कापत होता. "आम्ही तपासलं होतं," त्या म्हणाल्या. "मी स्वतः मागे बसून हँडल ओढलं होतं. दार उघडलं नाही."

तपासलं कसं, ते विचारल्यावर उलगडा झाला. घराभोवती एक फेरी मारून, इंजिन चालू असताना त्यांनी हँडल ओढलं होतं. त्यांची गाडी थोडा वेग घेतला की चारही दारं आपोआप लॉक करते. म्हणजे दार अडवलं होतं ते सेंट्रल लॉकने. डॅशबोर्डवर कुलूप पेटलेलं होतं, तेही सेंट्रल लॉकचंच. चावी काढल्यावर गाडीने दारं आपोआप उघडली, आणि चाइल्ड लॉक त्या दाराला कधी लावलेलंच नव्हतं. मी दोन्ही दारं उघडून दाखवली. डावीकडचा खटका लावलेला, उजवीकडचा मोकळा. प्रत्येक दाराचा खटका वेगळा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तपासतो ते असं. मागच्या दाराची काच पूर्ण खाली करायची, म्हणजे आत अडकलो तरी हात बाहेर घालून उघडता येतं. दार उघडं असतानाच खटका लावायचा. आत बसून दार लावायचं. आता पुढच्या माणसाला ड्रायव्हरच्या बटणाने सगळी दारं अनलॉक करायला सांगायचं आणि तो 'खट' आवाज कानाने ऐकायचा. मग आतलं हँडल दोनदा ओढायचं. दोनदा का, तर काही गाड्यांत पहिल्या ओढीला लॉक सुटतं आणि दुसरीला दार उघडतं. दोन्ही वेळा दार जागचं हललं नाही, तरच चाइल्ड लॉक लागलंय. मग बाहेरच्या हँडलने दार उघडतंय ना तेही बघायचं, आणि हेच सगळं दुसऱ्या दाराला. खाच फिरवायच्या प्रकारात डाव्या आणि उजव्या दाराची दिशा उलटी असू शकते, म्हणून नुसत्या चित्रावर विसंबू नका. गाडी कोणी धुतली किंवा मागच्या सीटवरून सामान काढलं, की मी खटक्यावरून एकदा बोट फिरवतो.

आता याच दारांची दुसरी बाजू. चाइल्ड लॉक लावलेल्या दाराची लॉकची मोटर लॉक स्थितीतच गेली, तर ते दार आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही नाही. अशा दारात स्क्रूड्रायव्हर घालून रंग आणि रबर फाडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. तसं करू नका. आत लॉकची खुंटी असेल तर ती हाताने ओढून बघा. नसेल तर एकाने अनलॉकचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी दार बाहेरून आत दाबत हँडल ओढायचं. लॅचवरचा ताण सैल झाला की अशक्त मोटर कधीकधी एकदा तरी ओढून देते. त्या एका वेळेला दार उघडलं, की लावण्याआधी चाइल्ड लॉक काढा आणि मग मोटरचं काम करा, कारण बंद दाराचं आतलं पॅनेल न मोडता काढणं फार कठीण असतं.

ही मोटर अचानक जात नाही. आधी ते एक दार इतरांच्या मागून, दमल्यासारखं लॉक होऊ लागतं. तो मागे पडलेला आवाज ऐकू आला की त्या दाराचं चाइल्ड लॉक काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलाला दुसऱ्या बाजूला बसवा.