परतीचा गठ्ठा अडतो कुठे? पुस्तकविक्रेत्यांनो, या चुका टाळा

शहादा असो, चाळीसगाव असो की भुसावळ, पुस्तकांच्या दुकानात न विकलेल्या प्रतींचा एक कप्पा असतोच. त्यातल्या बऱ्याच प्रती वेळेत परत जाऊ शकल्या असत्या. त्या अडकल्या की खापर वितरकावर फुटते: निम्मी किंमत खातो आणि वर परतही घेत नाही. प्रत्यक्षात परतीचा निकाल बहुतेक वेळा मागणी नोंदवली त्याच दिवशी लागलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जांगड आणि पक्के बिल एकच समजणे

वितरकाकडून माल तीन प्रकारे येतो. जांगड माल चलनावर येतो. तो वितरकाच्याच मालकीचा राहतो आणि विकलेल्या प्रतींचेच बिल होते. दुसरा प्रकार उधारीच्या बिलाचा, ज्यात ठरावीक मुदतीत ठरावीक मर्यादेपर्यंत परत चालते. तिसरा पक्क्या खरेदीचा. त्यात परत नाही, पण त्याबदल्यात कमिशन थोडे जास्त मिळते.

फोनवर मागणी देताना यापैकी कोणता प्रकार हे बोलले जात नाही आणि गोंधळ इथेच सुरू होतो. दुकानदार जांगड समजून निवांत असतो, तिकडे बिल फाडून मुदत सुरू झालेली असते. पार्सल उघडल्यावर आधी कागद पाहा. ‘चलन’ लिहिले आहे की ‘बिल’? बिल असेल तर त्यावर परतीची अट छापलेली आहे का? नसेल तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून लेखी उत्तर घ्या. परत किती दिवसांत, खरेदीच्या किती टक्क्यांपर्यंत, आणि भाडे कोणाचे, एवढे तीन प्रश्न पुरेत.

साहित्य संमेलन किंवा शाळेतले प्रदर्शन यांसाठी जांगडच मागावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला झालेल्या ९७व्या संमेलनासारख्या तीन दिवसांच्या विक्रीत कोणते पुस्तक चालेल याचा अंदाज कोणालाच नसतो. पक्क्या बिलावर माल उचलून तिथे स्टॉल लावणे म्हणजे जुगार.

वाढीव कमिशन पाहून प्रती वाढवणे

समजा एका पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे. वितरक म्हणतो, परतीसह घ्याल तर ३० टक्के, वीस प्रती पक्क्या घ्याल तर ३५ टक्के. पाच टक्के म्हणजे प्रतीमागे १५ रुपये. मोह होतो.

आता हिशेब करू. पक्क्या खरेदीत वीस प्रतींचे ३,९०० रुपये द्यावे लागतात. छापील किमतीने विकले तरी तेरावी प्रत विकली जाईपर्यंत घातलेले पैसेच परत येत नाहीत. आठच प्रती विकल्या गेल्या तर हातात २,४०० येतात, म्हणजे १,५०० रुपये कप्प्यात अडकतात. परतीसह घेतल्या असत्या तर आठ प्रतींवर प्रत्येकी ९० प्रमाणे ७२० रुपये सुटले असते आणि बारा प्रती परत गेल्या असत्या. ‘भाऊ, काही कमी करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला दहा टक्के सोडले तर दोन्हीकडे प्रतीमागे ३० रुपये आणखी जातात.

पक्की खरेदी वाईट नाही. एखादे पुस्तक दोन वर्षे महिन्याला तीन-चार प्रतींनी जात असेल, तर ते पक्केच घ्यावे. नव्या पुस्तकाला मात्र ती लावू नये. नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला पाच-सहा प्रती मागवा आणि दोन उरल्या की फेरमागणी द्या. पुण्याहून निघालेले पार्सल धुळे-जळगावला लवकर येते. शहाद्यासारख्या ठिकाणी गाडी बदलली तर एक-दोन दिवस जास्त धरा. तेवढ्यासाठी वीस प्रतींचा साठा करण्याची गरज नसते.

परतही मोफत आहे असे धरणे

वरच्या ७२० रुपयांतून भाडे वजा केलेलेच नाही. ट्रान्सपोर्टवाला बिल्टीला किमान भाडे आणि वर हमाली घेतो, मग गठ्ठा पाच किलोचा असो की पंचवीस किलोचा. साधारण २४० पानी पुस्तक पाव किलोहून थोडे जास्त भरते, म्हणजे वीस प्रती सहा किलोच्या आत. येताना १५० आणि परत जाताना १५० रुपये लागले असे धरा. ७२०चे ४२० झाले. त्यात परत पाठवलेल्या बारापैकी तीन प्रती वितरकाने नाकारल्या तर प्रत्येकी २१० प्रमाणे ६३० रुपये गेले. म्हणजे आठ प्रती विकूनही दुकान २१० रुपयांनी खाली.

उपाय सोपा आहे. एकाच पुस्तकाची परत वेगळी पाठवू नये. एका वितरकाच्या सगळ्या पुस्तकांची परत एकत्र करून किमान भाड्यात पूर्ण बसेल एवढा गठ्ठा बांधावा. एखाद-दोन प्रतींसाठी डाक विभागाची १ मे २०२५ पासून सुरू झालेली ‘ज्ञान पोस्ट’ सेवा पाहावी. ती पाच किलोपर्यंतच्या पुस्तकांसाठी आहे. नियतकालिके त्यात चालत नाहीत, म्हणून दिवाळी अंक त्यातून पाठवू नका.

प्रत नाकारली जाते ती कशामुळे

परत आलेली प्रत वितरकाला दुसऱ्या दुकानात नवी म्हणून द्यायची असते. तो तिच्याकडे त्याच नजरेने पाहतो. दुकानाचा रबरी शिक्का, पेनाने लिहिलेली किंमत, कव्हरवर चिकटवलेले आणि ओढून काढलेले स्टिकर, यांपैकी काहीही दिसले की प्रत बाजूला पडते. किंमत किंवा साठ्याची खूण करायचीच असेल तर आत कागदाची पट्टी ठेवावी.

खान्देशात यात उन्हाची भर पडते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो. पत्र्याच्या गोदामात पडलेल्या पुस्तकांची गरम गोंदाची बांधणी तापून सैल होते किंवा कोरडी पडून तडकते. मधे उघडताच पाने सुटतात. शिवलेल्या बांधणीला एवढे होत नाही, पण बहुतेक पेपरबॅक चिकटवलेलीच असतात. शोकेसमध्ये उन्हाकडे तोंड करून ठेवलेल्या प्रतीचा कणा दोन महिन्यांत फिका पडतो. तेवढ्यासाठी प्रदर्शनाची एकच प्रत ठेवावी आणि ती विकायचीच आहे असे धरून चालावे. परतीच्या प्रती एप्रिल संपण्याआधी पाठवलेल्या बऱ्या. पावसाळ्यात पाठवल्या तर गठ्ठ्याला आतून प्लास्टिक हवेच.

मुदत पार्सल आल्यापासून मोजणे

मुदत बिलाच्या तारखेपासून धरली जाते आणि परतीचा गठ्ठा वितरकाच्या गोदामात पोचला त्या दिवशी ती थांबते. नव्वद दिवसांच्या मुदतीत वाटेचे आठ दिवस आणि परवानगी येण्याचे चार-पाच दिवस गेले, तर हातात सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर उरतात. साठाव्या दिवशी कप्पा तपासावा. आधी यादी पाठवावी: पुस्तक, आवृत्ती, प्रती, आणि ज्या बिलावर घेतले त्याचा क्रमांक. होकार आल्यावरच गठ्ठा बांधावा. न विचारता पाठवलेला गठ्ठा ‘टू-पे’ असेल तर वितरक तो सोडवतही नाही आणि तो ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून राहतो.

आवृत्ती लिहायला विसरू नका. नवी आवृत्ती वाढीव किमतीने आली की जुनीची परत प्रकाशक घेत नाही आणि म्हणून वितरकही घेत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या दुकानांतून तीच जुनी पुस्तके एकाच वेळी परत निघतात. पहिले आठ-दहा गठ्ठे जिरतात, पुढचे अडतात. अभ्यासक्रम बदलाची नुसती कुणकुण लागली तरी क्रमिक पुस्तकांची उरलेली परत लगेच पाठवावी.

वितरकाचा वाटा एका प्रतीवर मोजणे

आता त्या ‘निम्म्या किमती’कडे वळू. तेच ३०० रुपयांचे पुस्तक वितरकाला प्रकाशकाकडून ५० टक्क्यांनी, म्हणजे १५० रुपयांना मिळाले असे धरा. दुकानाला तो २१०ला देतो. म्हणजे छापील किमतीतल्या उरलेल्या १५० रुपयांपैकी ९० दुकानाचे आणि ६० वितरकाचे. ‘वितरक निम्मे खातो’ या वाक्यात दुकानाचा वाटा त्याच्या माथी मारलेला असतो.

हे ६० रुपयेही फक्त विकल्या गेलेल्या प्रतीवर मिळतात, खर्च मात्र पाठवलेल्या प्रत्येक प्रतीवर होतो. शंभर प्रती दुकानांत गेल्या, चाळीस परत आल्या, तर मिळकत साठ प्रतींवर ३,६००. बांधणी आणि पाठवणी प्रतीमागे ८ रुपये धरली तर शंभर प्रतींचे ८०० गेले. परत आलेल्या चाळीस मोजून, पुसून, पुन्हा रॅकवर लावायला प्रतीमागे ५ रुपये, म्हणजे २००. दुकानाकडून घेतलेल्या पण प्रकाशकाने नाकारलेल्या चार प्रतींचे ६००. एका दुकानाने तीन प्रतींचे पैसे बुडवले, ते ६३०. राहिले १,३७०, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे तेविसाच्या आत. त्यातून गोदामाचे भाडे, फिरत्या माणसाचा पगार आणि उधारीत अडकलेल्या पैशांचे व्याज जायचे आहे.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्याची आणखी एक बाजू आहे. वितरकाने गोदामभाड्यावर किंवा पॅकिंगवर भरलेला कर त्याला वळता करून मिळत नाही, तो खर्चातच बसतो. परतीची सोय जितकी सैल, तितका वितरकाला वाटा मोठा लागतो. म्हणूनच पक्क्या खरेदीत तो पाच टक्के सोडायला तयार होतो. कमिशन वाढवून हवे असेल तर परत कमी ठेवणे हाच घासाघीस करण्याचा मुद्दा आहे. सलग दोन वर्षे परत खरेदीच्या दहा टक्क्यांच्या आत राहिली असेल तर खातेउतारा समोर ठेवून बोला.

क्रेडिट नोट न तपासणे

परतीचे पैसे रोख मिळत नाहीत. पुढच्या बिलातून वळते होतात. क्रेडिट नोट येण्याआधीच आपणच रक्कम कापून चेक पाठवला की दोन्ही वह्या जुळत नाहीत आणि पुढचे पार्सल थांबते. नोट आली की आधी तीन आकडे पाहा: किती प्रती स्वीकारल्या, कोणत्या किमतीने, आणि कोणत्या कमिशनने. ३० टक्क्यांनी घेतलेल्या प्रतीची जमा ३५ टक्क्यांनी झाली तर प्रतीमागे १५ रुपये कमी येतात. बारा प्रतींना ते १८० होतात आणि बेरीज नीट दिसत असल्याने नजरेतून सुटतात. परतीच्या यादीत बिल क्रमांक लिहिलेला असेल तर ही चूक एका फोनवर सुटते. ३१ मार्चआधी प्रत्येक वितरकाकडून खातेउतारा मागवून शिल्लक जुळवावी, आणि वाटेत असलेला परतीचा गठ्ठा त्यात बिल्टी क्रमांकासह वेगळा दाखवावा.