म्युनिकमध्ये नवं बिऱ्हाड: आधी किराणा, मग माणसं

म्युनिकला नव्यानं आलेलं मराठी कुटुंब बहुतेक वेळा दोन कामं वेगवेगळी धरतं. शनिवारी भारतीय दुकान शोधायचं आणि गणपतीची वाट बघायची, कारण तेव्हा मंडळात ओळखी होतील. माझ्या मते ही दोन्ही कामं एकत्र केली तर दोन्ही लवकर होतात. सुरुवात मात्र निघण्याआधी, भारतातल्या घरातूनच करावी.

बॅग भरताना लक्षात ठेवायचं की म्युनिकमधली देशी दुकानं बहुतेक पंजाबी, दाक्षिणात्य, अफगाण किंवा पाकिस्तानी माणसांची असतात. तूरडाळ, बासमती, हिंग, कणीक तिथे सहज मिळते, त्यामुळे त्यांत वजन घालवू नका. मिळायला कठीण ते म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि चांगली आमसुलं. बॅगेतली जागा त्यांना द्या. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, म्हणून आईनं दिलेलं तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या विमानतळावर काढून घेतल्या जाऊ शकतात. ताजा कढीपत्ता, लिंबं, हिरव्या मिरच्या यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते आपल्याकडे नसतं, तेव्हा त्याही राहू द्या. नारळ मात्र या नियमातून सुटलेला आहे.

पहिल्या आठवड्यात देशी दुकान शोधत शहरभर फिरू नका. घराजवळच्या सुपरमार्केटात आणि ‘डीएम’सारख्या साबण-शांपूच्या दुकानात मसूरडाळ मिळते, ‘रोटं लिन्झन’ या नावानं. शेपू तर बाराही महिने असतो, जर्मन लोक तो माशांबरोबर आणि काकडीत घालतात. रवा घेताना पाकीट नीट बघा. ‘वाइख’ लिहिलेला रवा मऊ गव्हाचा असतो, शिऱ्याला बरा, पण उपमा त्यात गिचका होतो. उपम्यासाठी ‘हार्ट’ लिहिलेला, कडक गव्हाचा रवा घ्या. श्रीखंडासाठी दह्याचा चक्का बांधायची गरजच नाही: क्वार्क म्हणजे चक्क्यासारखं मऊ ताजं चीज, पाकिटावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेलं, ५०० ग्रॅम घेऊन दोन-तीन तास फडक्यात टांगलं की साखर घालण्याजोगं होतं. तुपासाठी २५० ग्रॅमचं बिनमिठाचं लोणी घ्यावं. त्यातही ‘साउअरराम’ म्हणजे आंबवलेल्या सायीचं लोणी मिळालं तर तुपाला घरच्या लोण्याच्या तुपाच्या जवळची चव येते.

पोळ्यांचा प्रश्न जरा मोठा आहे. जर्मन पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका गव्हाचा कोंडा पिठात जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याची पोळी गार झाली की चामट होते. चक्कीची कणीक मिळेपर्यंत १०५० वर भागतं. कोमट पाण्यात मळा आणि अर्धा तास भिजू द्या. ‘फोलकॉर्न’ म्हणजे पूर्ण गव्हाचं पीठ एकट्यानं वापरलं तर कोंड्याचे कण जाड असल्यानं पोळी कडेला फाटते. त्यात निम्मं ५५० मिसळा.

दुसऱ्या आठवड्यात मुख्य रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला जा. ग्योटेश्ट्रासे आणि लांडवेरश्ट्रासे या भागात तुर्की आणि अरबी दुकानं भरपूर आहेत. कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, कांदे, हिरव्या मिरच्या, सुके चणे इथे सुपरमार्केटपेक्षा स्वस्त पडतात. लहान दुकानांत जाताना खिशात थोडी रोकड असू द्या. व्हिएतनामी किंवा थाई दुकानात ओला नारळ, गोठवलेलं खोबरं आणि कच्चे शेंगदाणे मिळतात. तिथले टॅपिओकाचे मोती मात्र साबुदाणा समजून घेऊ नका. आपला साबुदाणा कारखान्यात भाजलेला असतो, म्हणून भिजून दाणा मोकळा राहतो. ते मोती बहुधा कच्च्या स्टार्चचे असतात, भिजवले की विरघळायला लागतात आणि खिचडीचा लगदा होतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हे कळू नये, म्हणून एक मूठ आधी भिजवून बघा.

वेळेचंही गणित बसवावं लागतं. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात बहुतेक दुकानं रात्री ८ ला बंद होतात आणि रविवारी, तसेच सणाच्या सुट्टीला उघडत नाहीत. शनिवारी दुपारनंतर रांगा लांबतात, त्यामुळे मोठी खरेदी शुक्रवारी संध्याकाळी उरकलेली बरी.

आता माणसांकडे. शहरातल्या मराठी मंडळींचे व्हॉट्सॲप गट असतात. ऑफिसमधल्या किंवा इमारतीतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून त्यात प्रवेश मिळतो. तिथे ‘नमस्कार, आम्ही नवीन आलोय’ एवढंच लिहिलं तर दहा हात जोडलेले येतात आणि विषय संपतो. त्याऐवजी आपला भाग सांगून एखादं काम मांडा: ‘आम्ही मोझाखला राहतो. चक्कीच्या कणकेची १० किलोची पोती ऑनलाइन मागवतोय, आसपास कुणाला वाटणी हवी आहे का?’ भारतीय ऑनलाइन दुकानं ठरावीक रकमेच्या वर पाठवणावळ घेत नाहीत आणि एकट्या घराला ती रक्कम गाठायला नको त्या वस्तू घ्याव्या लागतात. चार घरं मिळाली की ती सहज गाठली जाते.

समजा, चार घरं जमली. यादी बुधवारपर्यंत एकाच कागदावर घ्या, माल मागवण्याआधी पैसे गोळा करा, आणि माल ज्याच्या घरी येईल त्यानं फक्त चहा ठेवायचा, जेवण नाही. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच वेळी कुणी पुरणपोळी केली की पुढच्या घराला तेवढं करणं भाग पडतं, आणि दोन-तीन फेऱ्यांत कुणीतरी ‘या वेळी जमणार नाही’ म्हणतं. चहावर थांबलं तर फेरी चालू राहते. पोती फोडताना, डाळ मोजताना मुलं आपोआप खेळायला लागतात आणि बालरोगतज्ज्ञ कुठला, बालवाडीसाठी नाव कधी घालायचं, ही माहिती बोलता बोलता मिळते. इमारतीत रात्री १० नंतर आणि रविवारी शांतता पाळतात, तेव्हा ही भेट शनिवारी दुपारी ठेवा. मिक्सरवर चटणी वाटायचं कामही त्याच वेळेत उरका.

गणेशोत्सवाचं तिकीट काढून प्रेक्षकांत बसलात तर पाचशे चेहरे दिसतील, ओळख एकाचीही होणार नाही. महिनाभर आधी मंडळाला कळवून एखादं काम मागा. नावनोंदणीच्या टेबलापेक्षा स्वयंपाकघर चांगलं, कारण मोदक वळताना आठ माणसं दोन तास एकाच ठिकाणी उभी असतात. तुमच्या किराण्याच्या गटातलं एखादं घर बरोबर न्या, म्हणजे पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होत नाही.

बालवाडीतल्या जर्मन पालकांशी ओळख व्हायला वेळ लागतो. ते भेटी दोन-तीन आठवडे आधी ठरवतात, त्याला दुरावा समजू नका. बालवाडीच्या कार्यक्रमाला सगळे घरून काहीतरी आणतात आणि यादीत आपला पदार्थ लिहायचा असतो. तिथे कमी तिखट पोहे न्या, शेंगदाणे घालू नका, आणि घटकांची चिठ्ठी जर्मनमध्ये लिहून डब्याला चिकटवा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, म्हणून चिठ्ठी नसलेल्या डब्याला पालक हात लावायला कचरतात. चिठ्ठी असली की कुणीतरी ती वाचून विचारतंच, हे कशाचं केलंय.