उडी मारताना हात उशिरा येतात? या चुका टाळा

व्हॉलीबॉलच्या मैदानावर प्रशिक्षकाची एक ओरड ठरलेली असते: "हात वर!" मीही कित्येक वर्षं तेच ओरडत होतो. मुली इमानदारीनं हात वर न्यायच्या आणि उडी मात्र होती तेवढीच राहायची. एक दिवस अकरावीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, नेतेय की वर!" तिचं खरं होतं. हात वर जातच होते, फक्त पाय जमिनीवरून सुटल्यानंतर. तोवर त्यांचा काही उपयोग उरलेला नव्हता.

असं का होतं हे कळायला घरातला फिरत्या सुईचा वजनकाटा पुरतो. डिजिटल काटा नको, तो आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसतो. काट्यावर गुडघे ताठ ठेवून उभे राहा, हात खाली सोडा आणि झटक्यात डोक्यावर न्या. सुई आधी तुमच्या वजनाच्या पुढे उसळते आणि लगेच वजनाच्या खाली येते. हाताच्या झोक्याचं सगळं गणित या दोन हालचालींत आहे.

दोन्ही हातांचं मिळून वजन शरीराच्या साधारण दहा टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीचे हात पाचेक किलोचे. ते वेगानं वर उचलायचे तर खांद्यांना त्यांना वर ओढावं लागतं आणि तेवढ्याच जोरानं ते खांद्यांना खाली दाबतात. सुई पुढे जाते ती यामुळे. पुढे हातांचा वर जाण्याचा वेग कमी होऊ लागला की उलट घडतं, हात धडाला वर ओढतात आणि सुई खाली येते. थोडक्यात, हात आधी तुम्हाला दाबतात आणि मग उचलतात.

दाबल्यानं उडी कमी व्हायला हवी, असं वाटतं ना? रिकामी हातगाडी जोरात ढकलून बघा. ती हाताखालून पुढे पळते आणि जोर लावायला काही सापडतच नाही. थोडा माल भरलेली गाडी हळू हलते, त्यामुळे तिच्यावर अंग टाकून ढकलता येतं. स्नायूंचंही तसंच आहे. जितक्या वेगानं आखडावं लागतं तितका त्यांचा जोर कमी पडतो. पाय सरळ व्हायला लागतात त्या क्षणी हातांनी वरून दाबलं, तर मांड्या आणि नितंबांचे स्नायू जरा सावकाश आखडतात आणि म्हणून जास्त जोर लावतात. नंतर पाय जवळजवळ सरळ झाले आणि त्यांचा जोर संपत आला की हात धडाला वर ओढतात. पण ही दोन्ही कामं पाय जमिनीवर असतानाच होऊ शकतात. हवेत हात वर फेकले तर बाकीचं शरीर तेवढंच खाली जातं, बेरीज शून्य.

यातून मिळतं किती? लीस, व्हॅनरेंटरघेम आणि द क्लर्क यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढ पुरुषांची उडी हाताच्या झोक्यानं सरासरी 8.6 सेंटिमीटरनं वाढली. त्यातला 72 टक्के वाटा जमीन सोडतानाच्या जास्त वेगाचा होता आणि 28 टक्के वाटा हात वर असल्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य आधीच उंचावल्याचा. हा फरक लक्षात ठेवा, मोजताना लागेल.

चूक पहिली: पाय आधी, हात मागून

दहातल्या सात-आठ मुलींची हीच चूक असते, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

मोबाइलवर स्लो मोशन लावा, 240 फ्रेमचं. फोन कमरेच्या उंचीवर, खेळाडूच्या बरोबर बाजूला, तीन-चार मीटर लांब. व्हिडिओ फ्रेम-फ्रेम सरकवत दोन जागी थांबा. पहिली जागा म्हणजे बैठक सगळ्यात खोल असते तो क्षण. तेव्हा तळहात मांडीच्या आसपास हवेत आणि पुढे येण्याच्या वेगात हवेत. दुसरी म्हणजे बुटाचं टोक जमीन सोडतं तो क्षण. तेव्हा हात खांद्याच्या वर, निदान डोळ्यांच्या पातळीला आलेले हवेत. पहिल्या फ्रेममध्ये हात अजून पाठीमागे लटकलेले आणि दुसरीत कमरेपाशी असतील, तर हात उशिरा येताहेत. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही. खालच्या बैठकीपासून जमीन सुटेपर्यंत जेमतेम पाव सेकंद लागतो.

वर सांगितलेल्या मुलीचं मोजमाप असं होतं. कमरेवर हात ठेवून मारलेल्या उडीत ती 115 फ्रेम हवेत राहिली, म्हणजे 0.48 सेकंद. हवेतल्या सेकंदांचा वर्ग करून 122.6 नं गुणलं की उंची सेंटिमीटरमध्ये मिळते, ती आली 28. हात मोकळे सोडून मारलेल्या उडीत 118 फ्रेम, म्हणजे साडेएकोणतीस. दीड सेंटिमीटरसाठी एवढी हातवारेबाजी! (मोजताना दोन्ही वेळा पाय सरळ ठेवूनच उतरायला सांगा. गुडघे आखडून उतरलं की फ्रेम फुकट वाढतात.)

कारण शोधलं तर ते भलतीकडेच निघालं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की हात जितके मागे न्यावेत तितकी उडी मोठी. ती हात पाठीमागे पार खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायची. त्यासाठी कमरेत वाकायची आणि तिथून हात परत येईपर्यंत पाय आपलं काम उरकून मोकळे व्हायचे. हात उशिरा *सुटत* नव्हते, लांबून येत होते. आम्ही मागचा झोका कमरेच्या थोडा वर थांबवला. सूचनाही बदलली. "हात वर" बंद, "मांडी घासून ये" सुरू. हात पुढे येताना बोटं ट्रॅकपँटला घासली पाहिजेत आणि तो सट्टकन होणारा आवाज बूट ढकलल्याच्या आवाजाआधी ऐकू आला पाहिजे. शांत हॉलमध्ये हा क्रम कानांनी पकडता येतो.

पहिला आठवडा उडी उलट कमी झाली. लक्ष हातांकडे गेलं की पाय बिचकतात, हे होतंच, घाबरून सोडून देऊ नका. पाचव्या आठवड्यात 126 फ्रेम आल्या, म्हणजे जवळजवळ 34 सेंटिमीटर. कमरेवर हात ठेवून मारलेली उडी मात्र 28 वरच होती. पायांची ताकद तेवढीच राहिली होती, सुधारला होता तो फक्त मेळ. आणि फ्रेम मोजल्यावर फक्त हवेतली उंची कळते. जमीन सोडताना हात वर असल्याचा फायदा यात धरलेलाच नाही, तो वेगळा.

चूक दुसरी: हात संपले, पाय बाकी

ही चूक उत्साही पोरांची. बैठक पूर्ण व्हायच्या आत हात पुढून वर गेलेले असतात आणि खोल बैठकीत तळहात छातीसमोर दिसतात. वजनकाट्याची दुसरी हालचाल आठवा: हात थांबू लागले की वजन हलकं होतं. इथे ते हलकेपण पायांनी ढकलायला सुरुवात करायच्या वेळेलाच येतं, आणि गाडी पुन्हा रिकामी होते. अशा मुलाला बहुतेक वेळा खाली जायलाच फार वेळ लागत असतो. तो हळूहळू बसतो आणि हात वाट बघत नाहीत. त्याला हात रोखायला सांगू नका, बैठक झटकन घ्यायला सांगा. हात आपोआप जागेवर येतात.

धावत येऊन मारलेल्या स्मॅशमध्ये

उभ्या उडीत जमलेला मेळ धावत येताना पुन्हा बिघडतो, कारण आता पावलं मध्ये येतात. उजव्या हाताच्या खेळाडूची शेवटची दोन पावलं उजवं आणि डावं. उजवी टाच टेकते तेव्हा हात पूर्ण मागे पोचलेले हवेत. डावं पाऊल येऊन टेकतं तेव्हा हात खाली येऊन मांड्यांशेजारून पुढे निघालेले हवेत. डावं पाऊल टेकल्यावरही हात मागेच असतील, तर पहिलीच चूक नव्या कपड्यात आली असं समजा. यावर उपाय म्हणून मी बॉल आणि नेट दोन्ही काढून घेतो. बॉल दिसला की मुलं मारण्याच्या हाताचाच विचार करतात आणि डावा हात अंगाशी लोंबत राहतो. एका हाताचा झोका म्हणजे अर्धा झोका, वर धड फिरतं ते वेगळंच.

हवेत गेल्यावर मात्र डावा हात खाली आणण्यात फायदा आहे. गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो, त्यामुळे एक हात खाली आला की बाकीचं शरीर, म्हणजे मारणारा हातसुद्धा, थोडं वर सरकतं. भिंतीवर खडू लावून उडी मोजताना याच युक्तीनं दोन-तीन सेंटिमीटर जास्त दिसतात. म्हणून दोन मुलांची तुलना करायची असेल तर दोघांनाही एकाच पद्धतीनं खूण करायला लावा, नाहीतर पोरं भांडतात.

कोपराचा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोपर काटकोनात दुमडून मारलेला झोका लवकर होतो पण दाब फारसा देत नाही, कारण हातांचं वजन खांद्याजवळच फिरत राहतं. अगदी ताठ हात जास्त दाब देतो पण खांदा कच्चा असेल तर उशिरा येतो. मी किंचित वाकलेल्या कोपरानं सुरुवात करतो आणि व्हिडिओत हात वेळेवर येताहेत असं दिसलं की सरळ करायला सांगतो.

ब्लॉकच्या उडीला यातलं फारसं लागू पडत नाही. नेटजवळ उभ्या ब्लॉकरचे हात आधीच छातीसमोर असतात, मोठा झोका घ्यायला ना जागा असते ना वेळ, आणि घेतलाच तर हात नेटला लागायची भीती. तिची ब्लॉकची उडी स्मॅशच्या उडीपेक्षा कमी भरली तर त्यात दोष शोधू नका. पण दोन्ही उड्या सारख्याच भरत असतील, तर स्मॅशचा व्हिडिओ काढा आणि बुटाचं टोक सुटतं त्या फ्रेमवर थांबून हात कुठे आहेत ते बघा.