प्रवासी-किलोमीटरमागे किती उत्सर्जन? अहवालासाठी चालणं, बस, रेल्वे, दुचाकी आणि कार यांची तुलना कशी करावी

वाहतुकीच्या पर्यावरण अहवालात एक तक्ता हमखास असतो. डावीकडे प्रवासाची साधनं, उजवीकडे प्रत्येकासमोर ग्रॅमचा एक आकडा. बरेच जण हे आकडे कुठून तरी उचलून तक्त्यात बसवतात. मग बसचा आकडा एका देशातला, कारचा दुसऱ्या देशातला आणि रेल्वेचा दहा वर्षांपूर्वीचा अशी मिसळ होते. हा तक्ता स्वतः मांडणं अवघड नाही. उत्सर्जनाचा भाग तर सोपाच आहे, खरी कसोटी लागते ती माणसं मोजताना. म्हणून या लेखात इंधनावर थोडं आणि प्रवाशांवर जास्त लिहिलं आहे.

सूत्र एका ओळीचं आहे: वाहनाच्या एका किलोमीटरचं उत्सर्जन भागिले वाहनातली सरासरी माणसं. एका माणसाने एक किलोमीटर केलेला प्रवास म्हणजे एक प्रवासी-किलोमीटर.

पहिली पायरी: हद्द ठरवा आणि सगळ्यांना तीच लावा

पेट्रोल जळताना गाडीच्या नळीतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो लिटरमागे साधारण २.३ किलो असतो. डिझेलचा साधारण २.७ किलो. पण तेल उपसणं, शुद्ध करणं आणि पंपापर्यंत आणणं यातही उत्सर्जन होतं. ते धरलं की वर सुमारे पाचवा हिस्सा चढतो, म्हणजे पेट्रोल २.८ आणि डिझेल ३.२ किलो. विजेवरच्या रेल्वेच्या नळीतून काहीच निघत नाही, तिचं सगळं उत्सर्जन वीजकेंद्रात होतं. त्यामुळे कारसाठी फक्त नळी आणि रेल्वेसाठी वीजकेंद्र अशी हद्द धरली, तर तुलना सुरू होण्याआधीच बिघडलेली असते. आयएसओ १४०८३ या २०२३ च्या मानकातही ऊर्जा तयार करण्यापासून वापरापर्यंतचं उत्सर्जन धरलं आहे. तीच हद्द घ्या आणि अहवालात एका वाक्यात तसं लिहा.

चालण्याचा प्रश्न इथेच निकालात काढावा. चालण्याला इंधन लागत नाही, म्हणून या हद्दीत त्याचा आकडा शून्य. कुणी तरी विचारतंच, की चालणारा जास्त जेवतो त्याचं काय? किलोमीटरमागे ५० कॅलरी जादा खर्च झाल्या असं धरलं आणि त्या अन्नाचं उत्सर्जन कॅलरीमागे दीड ग्रॅम मानलं, तर ७५ ग्रॅम येतात आणि पायी चालणारा बसपेक्षा वाईट ठरतो. हा हिशेब दिसायला चोख असला तरी अहवालात चालत नाही. बसण्या-उभं राहण्याला लागणारं अन्न, गाडी बनवायला लागणारं पोलाद आणि रस्त्याचं काँक्रीट बाकी कुणाच्या खात्यात धरलेलं नाही. अन्न धरायचंच असेल, तर सगळ्या साधनांचं पूर्ण जीवनचक्र धरावं लागेल. तो वेगळा अभ्यास होईल.

दुसरी पायरी: वाहनाचं एका किलोमीटरचं उत्सर्जन

कंपनीच्या पुस्तिकेतलं मायलेज घेऊ नका. प्रयोगशाळेतल्या चाचणीत वाहतूककोंडी नसते. खात्रीचा मार्ग एकच: टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा टाकी पूर्ण भरेपर्यंत वाहन रोजच्यासारखं चालवा, मग दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने मधल्या किलोमीटरना भागा. असं काही आठवडे केलं की सिग्नलला उभं असताना जळालेलं इंधनही आपोआप हिशेबात येतं. बसच्या बाबतीत डेपोच्या नोंदवहीत महिन्याचं डिझेल आणि महिन्याचे किलोमीटर मिळतात.

उदाहरणासाठी काही गृहीतकं घेऊ. कार लिटरला १४ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २०० ग्रॅम. दुचाकी ५० किलोमीटर जाते, म्हणजे ५६ ग्रॅम. डिझेल बस ४ किलोमीटर जाते, म्हणजे ८०० ग्रॅम. आठ डब्यांची विजेवरची उपनगरी गाडी किलोमीटरला २० युनिट घेते असं धरू, आणि कोळशावर बराच भर असलेल्या वीजजाळ्यात एका युनिटमागे ०.७ किलो उत्सर्जन (तारांमधली गळतीही यातच). म्हणजे १४ किलो. जलविद्युत किंवा अणुऊर्जेवर चालणाऱ्या जाळ्यात युनिटमागे ०.१ किलोच असेल, तर तीच गाडी २ किलोवर येते. गाडी, प्रवासी, वेग सगळं तेच राहून आकडा सातपट फिरतो. म्हणून रेल्वेचा आकडा कधीही दुसऱ्या देशातून उसना घेऊ नये.

तिसरी पायरी: माणसं नीट मोजा

कार आणि दुचाकीचं काम सोपं आहे. नाक्यावर उभं राहून शंभर गाड्या जाईपर्यंत आतली माणसं मोजायची. गर्दीच्या वेळी, दुपारी आणि सुट्टीच्या दिवशीही मोजा, कारण सुट्टीत कारमध्ये अख्खं कुटुंब असतं. तुमचा अहवाल कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यापुरता असेल, तर सुट्टीची मोजणी त्यात मिसळू नका. चालक स्वतःच प्रवासाला निघाला असेल तर तो प्रवासी धरायचा. टॅक्सीचा किंवा बसचा चालक धरायचा नाही, कारण तो दुसऱ्यांना पोचवायला निघालेला असतो. शंभर कारमध्ये १२५ माणसं आढळली असं धरू: २०० भागिले १.२५, म्हणजे १६० ग्रॅम. शंभर दुचाकींवर १२० माणसं: साधारण ४७ ग्रॅम.

बसमध्ये मात्र बहुतेक अहवाल घसरतात. एक फेरी जवळून पाहू. मार्ग १२ किलोमीटरचा आहे. सकाळच्या फेरीत ४० तिकिटं फाटली. ८०० ला ४० ने भागलं की २० ग्रॅम येतात आणि अहवाल लिहिणारा खूश होतो. पण ती चाळीस माणसं एकाच वेळी बसमध्ये नव्हती. कुणी तिसऱ्या थांब्यावर चढून सातव्यावर उतरलं, कुणी मध्येच चढलं. प्रत्येकाने सरासरी ६ किलोमीटर प्रवास केला, तर ४० गुणिले ६ म्हणजे २४० प्रवासी-किलोमीटर झाले. त्यांना १२ किलोमीटरने भागलं की बसमध्ये कोणत्याही क्षणी सरासरी २० माणसं होती असं निघतं. आकडा झाला ४० ग्रॅम, म्हणजे दुप्पट.

अजून हिशेब संपलेला नाही. सकाळी शहराकडे भरून गेलेली बस परत येताना बरीच रिकामी असते. परतीला १६ तिकिटं निघाली, सरासरी प्रवास तेवढाच, म्हणजे ९६ प्रवासी-किलोमीटर. शिवाय डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री परत डेपोत जाताना बस प्रवाशांविना धावते. तो वाटा दहा टक्के धरू, म्हणजे २४ किलोमीटरच्या दोन फेऱ्यांमागे २.४ किलोमीटर. आता एकूण उत्सर्जन २६.४ गुणिले ८००, म्हणजे २१,१२० ग्रॅम. एकूण प्रवासी-किलोमीटर ३३६. भागाकार: ६३ ग्रॅम.

त्याच बसचा आकडा आधी २०, मग ४०, मग ६३. अहवालात ६३ जायला हवा, कारण परतीची फेरी न करता सकाळची फेरी होऊच शकत नाही. कुणी दिलेला बसचा आकडा संशयास्पद वाटला, तर त्याने वाहनाच्या उत्सर्जनाला किती माणसांनी भागलं आहे ते उलटा भागाकार करून काढा. भागणारा आकडा आसनांच्या संख्येजवळ आला, तर हिशेब भरलेल्या बसचा आहे, रोजच्या बसचा नाही.

रेल्वेलाही हाच नियम. दिवसभराची सरासरी ४०० माणसं धरली, तर १४,००० भागिले ४००, म्हणजे ३५ ग्रॅम.

चौथी पायरी: एका आकड्याऐवजी पल्ला द्या

इंधनाचे आकडे फारसे हलत नाहीत, माणसांचे हलतात. म्हणून प्रत्येक साधनासाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त भरणा घेऊन पुन्हा भागाकार करा. रिकाम्या धावेसह बसचं उत्सर्जन सेवेच्या किलोमीटरला ८८० ग्रॅम पडतं. सरासरी १० माणसं असतील तर ८८ ग्रॅम, २० असतील तर ४४. कारचं १ माणसाला २००, १.६ माणसांना १२५.

यावरून काय ठामपणे लिहिता येईल ते दिसतं. बसची सर्वांत वाईट बाजू कारच्या सर्वांत चांगल्या बाजूपेक्षाही कमी आहे, म्हणून या मार्गावर बस कारपेक्षा बरी हे निःशंकपणे लिहा. बस आणि दुचाकी यांचं तसं नाही. सरासरी १९ माणसं असली तरच ही बस दुचाकीच्या ४७ ग्रॅमच्या खाली जाते. त्यामुळे तिथे क्रमांक लावू नका, भरणा किती झाला तर काय होईल ते लिहा. दुचाकीचा कमी आकडा फक्त हरितगृह वायूंचा आहे हेही सांगा. धूर, अपघात आणि रस्त्यावर अडणारी जागा या तक्त्यात नाही.

इथे एक भेद जपायला हवा. ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या बसमध्ये आणखी एक माणूस चढला, तर डिझेल जवळपास तेवढंच लागतं. त्यामुळे कारऐवजी बस घेणाऱ्याची प्रत्यक्ष बचत सरासरीच्या फरकापेक्षा जास्त असते. पण अहवालात झालेल्या उत्सर्जनाची वाटणी करायची असते, आणि प्रत्येकाने स्वतःला शेवटचा चढलेला प्रवासी मानलं तर बसचं डिझेल कुणाच्याच नावावर पडत नाही. म्हणून वाटणीसाठी सरासरी वापरा. लोकांनी साधन बदललं तर काय होईल, हे वेगळ्या परिच्छेदात मांडा.

शेवटची पायरी: ग्रॅमवरून प्रवासाकडे

घर ते कार्यालय रस्त्याने १० किलोमीटर आहे असं घ्या. कारने १,६०० ग्रॅम, दुचाकीने ४७०. बस वळसा घेऊन ११ किलोमीटर जाते: ६९३. रेल्वेचा मार्ग १२ किलोमीटरचा आहे, त्याचे ४२० ग्रॅम. स्थानकापासून पुढचे २ किलोमीटर चालत गेलं तर एकूण ४२० च राहतात. तेच दुचाकीने गेलं तर ९४ ची भर पडून ५१४ होतात, म्हणजे सरळ दुचाकीने जाण्यापेक्षा जास्त. प्रवासी-किलोमीटरच्या तक्त्यात रेल्वे पुढे दिसत होती, दारापासून दारापर्यंतच्या हिशेबात शेवटच्या दोन किलोमीटरनी क्रम उलटवला. त्यामुळे तक्त्याखाली निदान दोन-तीन खऱ्या प्रवासांचा असा हिशेब जोडा, आणि प्रत्येक ओळीसमोर हद्द, मोजणीचं वर्ष आणि धरलेली सरासरी माणसं लिहा.