पहिलं गृहकर्ज: व्याज, मुदत आणि हप्ता यांचं गणित सहीआधी कसं करावं

बँकेत किंवा बिल्डरच्या ऑफिसात पहिला आकडा हप्त्याचा सांगतात. "महिना फक्त तेवीस हजार" ऐकलं की घर आवाक्यात वाटतं. पण हप्ता कितीही लहान करता येतो, मुदत वाढवली की झालं. म्हणून गणिताला बसताना हप्ता शेवटी काढायचा, आधी नाही.

उदाहरणासाठी ३८ लाखांचा फ्लॅट घेऊ. स्वतःचे ८ लाख, कर्ज ३० लाख, व्याजदर साडेआठ टक्के. घरात दरमहा हातात येणारा पगार ६५ हजार, सध्याचं भाडं १४ हजार. दर तुमच्या वेळी वेगळा असेल, पण गणिताची रीत हीच.

१. आधी स्वतःचे पैसे मोजा

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम मिळू शकते. मिळेलच असं नाही. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून भरावं लागतं. म्हणजे वरच्या उदाहरणात ८ लाख जमले म्हणून भागत नाही. तो खर्च, बँकेची प्रोसेसिंग फी आणि सोसायटीचे सुरुवातीचे पैसे वेगळे काढून ठेवा. ते पर्सनल लोन काढून भरायची वेळ येत असेल, तर घर अजून बजेटबाहेर आहे.

२. मुदत बदलून हप्ता काढा

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये एका ओळीत उत्तर मिळतं:

```
=PMT(8.5/12/100, 240, -3000000)
```

२४० म्हणजे वीस वर्षांचे महिने. उत्तर येतं सुमारे २६,०३५ रुपये. आता २४० च्या जागी १८० आणि ३६० घालून पाहा. पंधरा वर्षांना हप्ता साधारण २९,५४० होतो, तीस वर्षांना २३,०७० च्या आसपास.

हप्त्याला महिन्यांनी गुणलं की खरं चित्र दिसतं. पंधरा वर्षांत एकूण व्याज सुमारे २३ लाख जातं, वीस वर्षांत साडेबत्तीस लाख आणि तीस वर्षांत ५३ लाख. वीसवरून तीसवर गेलात तर महिन्याला तीन हजारांच्या आत वाचतात आणि त्यासाठी वीस लाखांवर जास्त व्याज भरावं लागतं. माझ्या मते, पगार खरोखरच तोकडा असेल तरच तीस वर्षं घ्यावीत. "आणखी मोठा फ्लॅट बसतो" म्हणून तर नाहीच.

३. हप्त्यातलं मुद्दल ओळखा

व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात ३० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २१,२५० रुपये व्याज होतं. २६,०३५ च्या हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दलात जमा होतात फक्त ४,७८५ रुपये. वर्षभरात तुम्ही तीन लाख बारा हजारांवर भरता आणि कर्ज उतरतं जेमतेम साठ हजारांनी. पहिलं स्टेटमेंट पाहून अनेकांना बँकेने फसवलं असं वाटतं. तसं नसतं, गणितच असं आहे. मुद्दल उतरत जातं तसं व्याज घटतं आणि तोच हप्ता पुढे मुद्दलाकडे जास्त वळतो.

याच कारणाने सुरुवातीला जादा भरलेल्या पैशाची ताकद मोठी असते. या कर्जात एका वर्षानंतर १ लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे १८ हप्ते कमी होतात, म्हणजे साडेचार लाखांहून थोडे जास्त रुपये. पार्ट पेमेंट करताना "हप्ता कमी नको, मुदत कमी करा" असं लेखी सांगा आणि नवं वेळापत्रक मागून घ्या. व्यक्तीच्या नावावर घरासाठी घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही.

४. दर वाढला तर काय, ते आजच पाहा

नवखे लोक सर्वात जास्त इथे चुकतात. गृहकर्ज बहुधा तरत्या, म्हणजे फ्लोटिंग दराचं असतं. बँकांची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या निकषाला, बहुतेक वेळा रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे उसने देते त्याला, जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. वर्षही झालं नव्हतं.

आपल्या कर्जाचा दर साडेनऊ झाला असं धरा. हप्ता तोच ठेवला तर मुदत किती होते, ते असं काढा:

```
=NPER(9.5/12/100, -26035, 3000000)
```

उत्तर साधारण ३०९ महिने. वीस वर्षांचं कर्ज पावणेसव्वीस वर्षांवर गेलं, आणि खात्यातून तेवढीच रक्कम कापली जात असल्याने घरात कुणाला पत्ताही लागत नाही. मुदत वीसच वर्षं ठेवायची तर हप्ता सुमारे २७,९६५ होतो, म्हणजे १,९३० रुपये जास्त. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे. झेपत असेल तर हप्ता वाढवा. वर्षातून एकदा स्टेटमेंटमध्ये "उरलेले महिने" हा रकाना पाहायची सवय लावा.

५. हप्ता जगून पाहा

६५ हजारांतून २६ हजार म्हणजे पगाराचा चाळीस टक्के भाग. कागदावर चालतं. पण हप्ता सुरू होण्याआधी काही महिने, भाडं भरून वरचे १२ हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. दिवाळी, शाळेची फी, गावाकडचं लग्न यात ती मोडावी लागली, तर कर्जाची रक्कम कमी करा. नव्या घराचा मेंटेनन्सही यात धरा.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आणखी एक गोष्ट असते. बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि ताबा मिळेपर्यंत दिलेल्या रकमेवर फक्त व्याज घेते. याला प्री-ईएमआय म्हणतात. त्यात मुद्दल उतरत नाही आणि भाडंही चालूच राहतं. ताबा लांबला की दोन्ही खर्च लांबतात.

६. सहीआधीचा कागद

'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात दर, सर्व फी धरून येणारा वार्षिक खर्च आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दराने न करता या वार्षिक खर्चाने करा. कर्जासोबत विमा जोडला असेल तर त्याचा हप्ता कर्जातच मिळवलाय का, ते विचारा. मिळवला असेल तर त्यावरही वीस वर्षं व्याज जातं.

आणि थोडं सावधपणे: वरचे सगळे आकडे एका उदाहरणाचे आहेत, तुमच्या बँकेचे नाहीत. तत्त्वतः मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे हातात आले असं नव्हे. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेसाठी, म्हणून मालकी हक्काचे कागद स्वतःच्या वकिलाकडून वेगळे पाहून घ्या. बयाणा देण्याआधी, कर्ज नाकारलं गेलं तर ही रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर चेक फाडू नका.