हळदीसोबत मिरी का घालायची

नुसती हळद खाल्ली तर त्यातलं करक्युमिन नावाचं पिवळं द्रव्य अंगाला फारसं लागतच नाही, कारण आतडं आणि लिव्हर त्याला लगेच बदलून बाहेर काढायच्या मागे लागतात. मिरीला तिखटपणा देणारं पायपरिन हेच काम काही वेळ अडवतं, म्हणून करक्युमिन रक्तात जास्त पोचतं.

१. अर्धा चमचा हळद थोड्या कोमट तेलात कालवा, करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.
२. वरून ताजी कुटलेली काळी मिरी, चिमूट दोन चिमूट, बास.
३. दोन्ही एकाच वेळी पोटात गेलं पाहिजे, सकाळी हळद अन् रात्री मिरी असं केलंत तर उपयोग नाही.

१९९८ च्या एका प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनला २० मिलिग्रॅम पायपरिन जोडल्यावर शोषण २० पट वाढलं होतं, पण ते शुद्ध करक्युमिन होतं हो, हळदीत ते जेमतेम तीनेक टक्के असतं.

रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर पायपरिनच्या कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत, ते औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.